दुसऱ्या लेकराचं नाव: थोरलीशी जुळणारं, पण घरात गोंधळ न घालणारं

पहिल्या लेकराचं नाव ठेवताना कोरी पाटी असते. दुसऱ्याच्या वेळी एक नाव घरात आधीपासून धावत असतं आणि त्याला दिवसातून पन्नास वेळा हाका पडत असतात. नवं नाव त्याच्या शेजारी बसवायचं असतं. इथे बहुतेक घरं दोनपैकी एका टोकाला जातात. काही जण यमक जुळवतात: ओवीच्या पाठीवर अन्वी, आरवच्या पाठीवर अर्णव. काही जण यादीतलं पहिलं बरं वाटलेलं नाव उचलतात आणि मग दोन्ही नावं शेजारी ठेवली की वाटतं, ही दोन वेगळ्या घरची मुलं आहेत.

आधी एक गोष्ट सांगतो, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. दुरून हाक ऐकताना कानाला नावाचा शेवट पोचतो आणि कागदावर डोळ्याला नावाची सुरुवात दिसते. म्हणून भावंडांच्या नावांचा शेवट सारखा झाला की अंगणात घोटाळा होतो आणि पहिलं अक्षर सारखं झालं की दाखल्यावर, पार्सलवर, दवाखान्याच्या कार्डावर घोटाळा होतो. जुळवायचंच असेल तर ही दोन टोकं सोडून नावाची लांबी जुळवा, मधला एखादा वर्ण जुळवा किंवा अर्थ जुळवा. जागा भरपूर आहे.

कल्पनेतलं एक घर घेऊ. देवगड तालुक्यात, कुणकेश्वराच्या शिवमंदिराच्या वाटेवर. आई मानसी, वडील अमोल, थोरली सायली, जन्म 2020 चा. आता दुसरं लेकरू येणार आहे. मुलगी की मुलगा ते माहीत नाही, म्हणून दोन्ही याद्या लागणार.

आधी थोरलीचं नाव नीट ऐका

नव्या नावांची यादी काढण्यापूर्वी जुन्या नावाची फोड करून एका कागदावर लिहा. लिहिण्यासारखं नव्हे, बोलण्यासारखं. सायली लिहिताना तीन अक्षरं, पण तोंडातून येते 'साय-ली', दोनच ठेके. शेवट लांब 'ली'. सुरुवात 'सा'. अर्थ फुलाचा. लाडाचं रूप 'सायू', आजीच्या तोंडी 'सायले'. ही शेवटची नोंद लोक हमखास विसरतात, आणि रोजच्या वापरात तीच जास्त चालते.

याच फोडीवरून कळतं की काय टाळायचं: 'ली' शेवट, 'सा' सुरुवात, 'सायू' सारखं लघुरूप. आणि काय घेता येईल: दोन ठेक्यांचा आटोपशीर डौल, नुसता ल, फुलांचा किंवा सुगंधाचा अर्थ.

हाकेची परीक्षा

कोकणात हाक लांबून मारली जाते. मागीलदारी उभं राहून परसात, पायवाटेच्या खालच्या अंगाला, ओहोळापलीकडे. हाक मारताना माणूस शेवटचा स्वर ओढतो: 'सायलीऽऽ'. पावसाच्या सरीत किंवा समुद्राच्या गाजेत स, श, त, क यांसारखी व्यंजनं आधी बुडतात, स्वर तेवढे तरंगत येतात. म्हणजे पन्नास पावलांवर सायलीतलं जे उरतं ते जवळजवळ 'आ-ईऽऽ' एवढंच. त्याच घरात वैदेही, जान्हवी किंवा माधवी असेल तर तिलाही साधारण तेच ऐकू येतं. मग दोघी येतात किंवा एकही येत नाही. दुसरं जास्त वेळा घडतं.

यात एक मालवणी गुंता आहे. आजी नुसतं 'सायली' म्हणत नाही. ती म्हणते, 'गो सायले, खय गेलंस?' लाडाने किंवा रागाने हाक मारताना ईकारान्त नाव एकारान्त होतं. अबोलीची अबोले होते, केतकीची केतके होते. आकारान्त मुलीही तिथेच येतात, मीरा झाली मीरे. म्हणजे नुसतं 'ई ऐवजी आ' करून सुटका नाही, त्या स्वराआधीचं व्यंजन वेगळं हवं. सायले आणि अबोले दोन्ही 'ले' वर संपतात, म्हणून अबोली या घरापुरती बाद. नाव सुंदर आहे, कोकणचंच फूल आहे, वाईट वाटतं, पण बाद. सायले आणि केतके मात्र जवळून चालून जातात.

व्यंजनावर संपणारं नाव या भानगडीतून आपोआप सुटतं. मृणाल, परिमल, केदार अशी नावं ओढली तरी शेवटी बंद होतात आणि कानाला तो बंद आवाज चटकन वेगळा कळतो. भावंडांपैकी एक नाव स्वरान्त आणि एक व्यंजनान्त ठेवलं तर हाकेचा प्रश्न बहुतेक तिथेच मिटतो.

दोन अक्षरी नावांना थोडी सूट आहे. मंगेशकर भावंडांची नावं पाहा: लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ. चारही बहिणी आकारान्त. पण नाव इतकं छोटं असलं की त्याचं अर्धं अंग पहिल्या अक्षरात असतं आणि ते ठणकावून उच्चारलं जातं. ल, मी, आ, उ हे चारही आरंभ वेगळे आहेत. तीन-चार अक्षरी नावात ही सोय नाही, तिथे पहिलं अक्षर ओढलेल्या शेवटाखाली दबून जातं.

परीक्षा अशी करा. एकाने घरात उभं राहायचं, दुसऱ्याने आवाठाच्या म्हणजे वाडीच्या टोकाला जायचं आणि दोन्ही नावं उलटसुलट क्रमाने ओरडायची. घरातल्याने बोट दाखवून सांगायचं, कुठलं नाव. चार-पाचदा केलं की कळतं. पावसाळ्यात केलं तर अधिक खरं कळतं. ज्यांना कमी ऐकू येतं अशा आजोबांना ऐकणाऱ्याच्या जागी बसवलं तर निकाल लगेच लागतो.

कागदाची परीक्षा

सारख्या पहिल्या अक्षराची हौस आता फार आहे. अद्वैत-अद्विका, श्रेयस-श्रिया, अन्वय-अन्विता. ऐकायला छान वाटतात. पण आद्याक्षर सारखं, वडिलांचं नाव सारखं, आडनाव सारखं म्हटल्यावर संक्षिप्त नाव दोघांचं तंतोतंत एक होतं. शाळेच्या वहीवर, तिकिटावर, बँकेच्या संदेशात कोण कुणाचं ते पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. वयात चार वर्षांचं अंतर असेल तर लहानपणी चालून जातं. दोघं एकाच हायस्कुलात आली की शिपाई चिठ्ठी घेऊन चुकीच्या वर्गात उभा राहतो. जुळ्यांच्या बाबतीत तर जन्मतारीखही एकच असते, तिथे पहिलं अक्षर वेगळं ठेवण्याबद्दल चर्चाच नको.

अक्षरांची अदलाबदल होणाऱ्या जोड्या याहून वाईट. ऋतुजा आणि ऋजुता या दोन बहिणी एका घरात असतील तर त्यांची आईसुद्धा घाईत चुकणार. श्रीया-श्रीजा, अनय-अन्वय हेही त्यातलेच. लघुरूप पाहिलं की दोष उघडा पडतो: श्रीया आणि श्रीजा दोघींची शेवटी 'श्री' च होते.

मग रोमन लिपी. आधार, पासपोर्ट, रेल्वेचं तिकीट सगळीकडे नाव रोमनमध्ये जातं आणि तिथे आपले ऱ्हस्व-दीर्घ पुसले जातात. सई रोमनमध्ये Sai झाली की वाचणारा तिला साई म्हणतो. आर्य आणि आर्या दोन्ही Arya. म्हणून दोन्ही नावं मोबाइलवर रोमनमध्ये टाइप करून, मराठी न येणाऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. चाकरमानी नातेवाईकांच्या मुंबईतल्या शेजाऱ्यांपैकी कुणी सहज सापडेल.

आता एक नवी गोष्ट. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. आपल्या घरात याचे दोन परिणाम होतात. एक, थोरली 'सायली अमोल' आणि धाकटं 'अमुक मानसी अमोल', अशी सख्ख्या भावंडांची नावं कागदावर वेगळ्या आकाराची दिसणार. ती चूक नव्हे, कुणी कारकून शंका काढेल तेव्हा जन्मतारखा दाखवा. दुसरं जास्त महत्त्वाचं: धाकट्याच्या नावाला आता आईचं नाव लगेच चिकटून येतं, तेव्हा दोन्ही सलग म्हणून पाहायला हवीत. 'मृणाल मानसी' स्वच्छ ऐकू येतं. आईचं नाव लीना असतं तर 'मृणाल लीना' म्हणताना दोन ल एकमेकांत मिसळून 'मृणालीना' झालं असतं आणि ऐकणाऱ्याने मृणालिनी लिहून घेतलं असतं.

अर्थ जुळवायचा तो कसा

नाद जपून जुळवावा लागतो, अर्थ मात्र मोकळेपणी जुळवता येतो, कारण अर्थामुळे हाकेत किंवा कागदावर गल्लत होत नाही. मराठीत याचा सगळ्यात देखणा नमुना आळंदीच्या चार भावंडांचा: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. चारही नावांची सुरुवात वेगळी, शेवट वेगळा, लांबी वेगळी, यमक कुठेच नाही. तरी शेजारी ठेवली की विरक्ती, ज्ञान, जिना, मुक्ती अशी एक चढण दिसते. हे जुळणं कळायला कुणी समजावून सांगावं लागत नाही आणि नाही कळलं तरी एकेक नाव आपापल्या जागी पुरेसं आहे.

दुसरी जुनी रीत एकाच देवाची निरनिराळी नावं देण्याची. चापेकर बंधूंची नावं पाहा, दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव. तिन्ही कृष्णाचीच, पण कानाला तीन वेगळी माणसं. कुलदैवत जपायचं असेल तर हा मार्ग आजही चांगला. रवळनाथाचं किंवा वेतोबाचं नाव थेट मुलाला देणं अनेकांना जड वाटतं, पण शिवाची किंवा विष्णूची नावं हवी तेवढी मिळतात: केदार आणि शंतनू यांत जे जुळत नाही ते केदार आणि ईशान यांत जुळतं.

मात्र इथे एक खड्डा आहे आणि त्यात चांगली वाचणारी माणसंही पडतात. पुराणातल्या प्रसिद्ध जोड्या बऱ्याचदा नवरा-बायकोच्या किंवा प्रेमिकांच्या असतात. थोरला माधव म्हणून धाकटी राधा, थोरली गौरी म्हणून धाकटा शंकर, नल आणि दमयंती. भाऊबीजेला राधा माधवला ओवाळते तेव्हा काकू पदराआड हसतात आणि शाळेत पोरं हसतात ती उघड. बहीण-भाऊच हवे असतील तर कृष्ण-सुभद्रा घ्या. माधवच्या पाठीवर सुभद्रा जुनं वाटेल, पण चपखल बसतं. यम आणि यमी यांच्यावरून तर भाऊबीजच आली, पण मुलाचं नाव यम कोण ठेवणार! मुलगी यमुना मात्र होऊ शकते.

क्रमाचा अर्थ असलेली नावंही तपासा. अनुज, अनुजा म्हणजे मागून जन्मलेले. थोरलीचं नाव अनुजा आणि धाकटीचं दुसरंच काही, हे उलटं होतं. धाकटीला शोभतं.

शेवटी, विषय असा निवडा की ज्यात मुलगा आणि मुलगी दोघांनाही नावं मिळतील. फुलांत मुलींना हवी तेवढी आहेत: जुई, केतकी, बकुळा, सुरंगी. मुलगा झाला की पंचाईत. नद्यांचंही तेच. सावित्री, वाशिष्ठी, गांधारी या आपल्याच कोकणातल्या, पण मुलासाठी हात आखडतो. म्हणून विषय थोडा सैल धरायचा. फूल नसेल तर सुगंध, नदी नसेल तर सागर किंवा किनारा.

सायलीच्या घरात काय ठरलं असतं

मुलीची यादी अशी: केतकी, अबोली, शेवंता, सुरंगी, मृणाल, सानिका.

अबोली आधीच गेली. सानिकाचं पहिलं अक्षर सायलीसारखंच 'सा', तीही गेली. शेवंता हाकेत आणि कागदावर उत्तम, पण एका गाजलेल्या मालिकेमुळे हे नाव घेतलं की समोरचा भुवया उंचावतो. आणखी काही वर्षांनी विचार करता येईल. सुरंगी फार गोड. वसंताच्या तोंडावर वेंगुर्ल्याकडे तिचे वळेसर विकायला येतात. पण कोकणाबाहेर कुणी सुरंगी म्हटलं की ऐकणारा 'सारंगी?' विचारतो, आणि सारंगी-सायली पुन्हा 'सा' वर आली. शिवाय आद्याक्षर स. तरी माझं मन इथे थोडं अडतं, घर गावातच राहणार असेल तर मी सुरंगीच्या बाजूने उभा राहीन.

केतकी सगळ्यात जवळची. फूल, दोनच ठेके, आरंभ वेगळा, 'ली' ऐवजी 'की'. लांबून मारलेल्या हाकेत दोन्हींचा ई थोडा मिसळतो एवढाच दोष. पण घर कुणकेश्वराच्या छायेतलं आहे. ब्रह्मदेवासाठी खोटी साक्ष दिली म्हणून केतकी शिवपूजेतून वर्ज्य झाली, ही कथा तिथल्या आजोबांना ठाऊक असणार आणि ते बारशाच्या दिवशीच बोलून दाखवणार. कुणाचा त्यावर विश्वास असो वा नसो, नाव ठेवण्याआधी त्यांना विचारलेलं बरं.

उरते मृणाल. कमळाचा देठ, म्हणजे फुलाच्याच घरातला अर्थ. आरंभ म, शेवट बंद, आणि मधे-शेवटी तोच ल जो सायलीत आहे. 'सायली आणि मृणाल' म्हणून पाहा. नातं ऐकू येतं, यमक ऐकू येत नाही. मला हवं ते हेच.

मुलाची यादी लहान: सौरभ, साहिल, प्राजक्त, परिमल. सौरभ अर्थाने अचूक, फूल आणि त्याचा सुगंध, पण आद्याक्षर स. साहिल तर थेट 'सा' वरच अडकतो. प्राजक्त चांगलं, पण बऱ्याच जणांना प्राजक्ता ऐकू येतं आणि शाळेत मुलाला मुलींच्या यादीत टाकतात. परिमल म्हणजेही सुगंध, आरंभ प, शेवट बंद ल. परिमल मानसी अमोल, सलग म्हणताना कुठे अडत नाही. मुलगा झाला तर परिमल.

नाव ओढूनताणून जुळवलेलं आहे का, हे ओळखायची माझी एक खूण आहे. थोरलीला क्षणभर बाजूला ठेवा आणि विचारा, पहिलंच मूल असतं तर हे नाव ठेवलं असतं का? नसतं, तर ते नाव लेकराचं नाही, जोडीचं आहे. आईबापांच्या नावातली अर्धी-अर्धी अक्षरं जोडून केलेली नावं या प्रश्नावर बहुधा गळतात.

चरणाक्षर आणि आत्या

सगळं ठरलं, लेकरू झालं, आणि भटजींनी पत्रिका पाहून अक्षर सांगितलं. समजा नक्षत्र उत्तरा. तिच्या चार चरणांची अक्षरं टे, टो, पा, पी. तिसऱ्या चरणावर जन्म असेल तर 'पा' येतं आणि घरचे परिमलला 'प चं तर आहे' म्हणून आनंदाने स्वीकारतात. पहिल्या चरणावर असेल तर 'टे', आणि टे वरून नाव शोधत बसाल तर बारसं निघून जाईल. सत्तावीस नक्षत्रांच्या 108 चरणांत ङ, ञ, ण सुद्धा आहेत, तिथे नाव मिळणारच नाही. यावर जुनाच तोडगा आहे: जन्मनाव पत्रिकेपुरतं आणि व्यवहारनाव वेगळं. चरणाक्षरासाठी भावंडांच्या नावांची घडी मोडू नका, तसं कुणी शास्त्र सांगतही नाही.

बाराव्या दिवशी पाळण्याशी कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचा मान आत्याचा. त्या आधी तिला ठरलेलं नाव स्पष्ट सांगून ठेवा. आणि तिच्या मुलांची नावंही विचारा, काका-मामांच्या मुलांचीही. गणपतीला आणि मे महिन्यात मुंबईची मंडळी आली की एका ओटीवर दहा पोरं असतात. तिथे आधीच एक मृणाल असेल तर तिची 'मोठी मृणाल' आणि तुमची 'धाकटी मृणाल' होणार, आणि ती विशेषणं लग्नापर्यंत सुटत नाहीत.

नोंद करताना

जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण त्यात नाव लगेच लिहिलंच पाहिजे असं नाही. दवाखान्यात फॉर्म भरताना घाई होते आणि कुणीतरी तात्पुरतं 'बेबी' किंवा घरातलं लाडाचं नाव लिहून टाकतं. तसं न करता नावाची जागा रिकामी ठेवा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 प्रमाणे नोंदीपासून 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे, तेव्हा तिथे पडलेलं अक्षर पुढे सगळीकडे जातं.

नोंदीच्या वेळी थोरलीचा दाखला सोबत न्या. वडिलांच्या नावाचं आणि आडनावाचं रोमन स्पेलिंग त्यावर जसं आहे अगदी तसंच धाकट्याच्या दाखल्यावर उतरवायला सांगा. एकावर Amol आणि दुसऱ्यावर Amole पडलं की दहावीच्या वेळी दोन्ही दुरुस्त करत बसावं लागतं. मृणालचं स्पेलिंग Mrunal की Mrinal हेही आधीच ठरवा, चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि छापण्यापूर्वी पडद्यावर एकदा स्वतः वाचून घ्या.